कागद तिरपा की घर तिरपं?

पेन्सिलीच्या स्केचवरून संगणकावर घराचं हुबेहूब थ्रीडी मॉडेल करताना पहिला घोळ होतो तो तिरप्या रेषांचा. स्केचचा फोटो काढताना मोबाईल वाकडा धरल्यामुळे आलेला तिरपेपणा काढून टाकायचा असतो. काढणाऱ्याने पर्स्पेक्टिव्हसाठी, म्हणजे लांबचं लहान दिसावं म्हणून, दिलेला मात्र तसाच ठेवायचा असतो. दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ते एकदमच सरळ केले जातात आणि घर चपटं होऊन बसतं.

ओळखायचं कागदाच्या कडांवरून. फोटोत कागदाची वरची कड खालच्यापेक्षा आखूड दिसली, तर दोष कॅमेऱ्याचा. म्हणून फोटोत कागदाचे चारही कोपरे यायलाच हवेत. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये कोपरे ओढून कागद काटकोनात आणा आणि आडवा ए-फोर असेल तर चित्राचा आकार 2970×2100 पिक्सेल करा. म्हणजे 10 पिक्सेल बरोबर 1 मिलिमीटर. ही पायरी विसरली की कडा सरळ दिसतात, पण घर ताणलेलं किंवा दबलेलं राहतं.

कागद चौकोनी झाल्यावरही ज्या रेषा तिरप्या राहतात, त्या घराच्या. त्यांना हात लावू नका.

समजा, चाळीसगावकडचं धाब्याचं घर आहे: खाली ओटा, वर माडी, उंची 6 मीटर. स्केचमध्ये जवळचा कोपरा 60 मिलिमीटर आहे आणि लांबचा 42. खरी उंची दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे पट्टीचं माप फक्त जवळच्या कोपऱ्यावर चालतं. पुढचं fSpy वर सोपवायचं, हा प्रोग्रॅम चित्रातल्या रेषांवरून कॅमेऱ्याची जागा काढतो: दोन्ही भिंतींवर दोन-दोन रेषा धरायच्या. धाब्याची कड आणि ओट्याची कड घ्या. त्या सगळ्यांत लांब असल्याने हाताची चूक त्यांत कमी शिरते.

इथे एक खोच आहे. fSpy चित्राचा मध्य हाच कॅमेऱ्याचा मध्य धरतं. स्केचमध्ये डोळ्याची पातळी, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा, कागदाच्या तळापासून 70 मिलिमीटरवर असेल, तर ती मध्याच्या बरीच खाली पडते. मग कॅमेरा वर वळलेला आहे असं गणित निघतं आणि कागदावर उभे असलेले खांब या कॅमेऱ्यातून मॉडेल पाहताना वर एकमेकांकडे झुकतात. उपाय म्हणजे खाली 700 पिक्सेल कोरी जागा जोडणं. उंची 2800 होते आणि डोळ्याची पातळी बरोबर मध्यावर येते. याच कारणाने स्केच कडेने कापूही नये.

हा कॅमेरा ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये घेऊन जवळच्या कोपऱ्यावर 6 मीटरचा ठोकळा उभा करा आणि भिंत स्केचच्या लांबच्या कडेपर्यंत ओढा. रुंदी अशी आपोआप हाती येते. डोळ्याची पातळी त्या कोपऱ्याच्या पायापासून 15 मिलिमीटर वर असेल, तर कॅमेराही जमिनीपासून साधारण दीड मीटरवर यायला हवा. तो तीन मीटरवर आला, तर धरलेल्या रेषा पुन्हा तपासा.

सगळं जुळूनही फक्त लांबच्या खिडक्या सरकलेल्या दिसल्या, तर कॅमेरा हलवू नका. त्या हाताने अंदाजाने काढलेल्या असतात. त्यांची जागा घरमालकाला विचारून ठरवा.