लोणी, मिठाचे व बिनमिठाचे (बेकिंगमधील)

बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांतच राहते. म्हणून १०० ग्रॅम लोण्यात २ ग्रॅम मीठ असले, तर थेंबांतले पाणी सुमारे ११ टक्के खारट होते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तिप्पट. मिठाचे लोणी टिकते ते यामुळे.

मीठ घालण्याचा उगम टिकवण्यासाठीच झाला असावा. फ्रान्समध्ये मात्र ब्रिटनीचे लोणी खारट आणि बाकी बहुतेक भागांत ते बिनमिठाचे, असा फरक आढळतो. त्याचे श्रेय सामान्यतः ‘गाबेल’ या मीठकराला देतात. चौदाव्या शतकात रुजलेला हा कर १७९० मध्ये रद्द झाला आणि ब्रिटनीला त्यातून सूट होती. हे स्पष्टीकरण आकर्षक असले, तरी गेरांदची मिठागरे जवळच होती ही गोष्ट अधिक वजनाची वाटते.

बेकिंगमध्ये बिनमिठाचे लोणी पसंत करतात, कारण मिठाचे प्रमाण हाती राहते. कृतीत २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि पाव चमचा (सुमारे दीड ग्रॅम) मीठ असेल आणि त्याऐवजी २ टक्के मिठाचे लोणी घेतले, तर वरचे मीठ वगळूनही ४ ग्रॅम मीठ पडते. नानकटाईला ते चालून जाते, बटरक्रीममध्ये जिभेला लगेच कळते.

फेटण्यासाठी लोणी सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअसवर असावे. बोटाने दाबल्यास खळगा पडावा, पण कडा चकाकू नयेत. दीड सेंटिमीटरचे तुकडे करून ठेवल्यास मे महिन्यातल्या मुंबईत ते काही मिनिटांतच या अवस्थेला येते, त्यामुळे समोरून हलू नये. घाई असल्यास दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकावे. मायक्रोवेव्हमध्ये ते आतून वितळते आणि बाहेरून घट्ट दिसते. वितळलेल्या लोण्यात फेटताना हवा नीट धरत नाही, म्हणून बिस्किटे तव्यावरच्या घावनासारखी पसरतात. नुसते सैलावले असेल, तर भांडे गार पाण्यात धरून ढवळल्यास सावरते. पूर्ण वितळून पाणी सुटले असेल, तर ते पुन्हा गोठवूनही पूर्वीसारखे होत नाही, रवाळ होते.

उन्हाळ्यात एका दिवसापुरतेच बाहेर काढावे आणि बाकीचे फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, घट्ट गुंडाळून ठेवावे. लोणी कांदा-लसणाचा वास पटकन ओढून घेते. कापल्यावर कडेला गडद पिवळी पट्टी दिसली, तर तो भाग हवेने बिघडू लागला आहे असे समजावे. घरच्या पांढऱ्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, त्यामुळे ते लवकर आंबते. फ्रिज नसलेल्या घरांत ते गार पाण्यात बुडवून ठेवत आणि पाणी रोज बदलत. आंबटसर वास येऊ लागला की तूप कढवत.