खमणावरचे लाल डाग

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही खमण ढोकळा नेहमीचाच असतो आणि तो बिघडल्याची एक खूण सर्वांच्या ओळखीची असते, ती म्हणजे पिवळ्या वडीवर उमटलेले लालसर-तपकिरी ठिपके. हे ठिपके हळदीचे असतात, कारण अल्कली वाढली की हळद लाल होते. म्हणजे तिथे सोडा उरला आहे.

सोड्याचे प्रमाण आपण पिठावरून ठरवतो, पण त्याचे खरे माप आम्लावर अवलंबून असते. एक वाटी, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, बेसनाला अर्धा चहाचा चमचा सोडा पुरतो. हा सोडा अंदाजे अडीच ग्रॅम भरतो आणि तो पूर्णपणे वापरला जाण्यासाठी सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा, लिंबाचे फूल (सायट्रिक आम्ल) लागते. एवढ्यातून जवळजवळ पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला बराचसा उडून जातो, उरलेला जाळी पाडतो. फ्रूट सॉल्टच्या पाच ग्रॅमच्या पुडीत जवळपास निम्मा सोडा असतो आणि त्याच्या जोडीचे आम्लही असते, म्हणून एका वाटीला एक पुडी हे प्रमाण सहसा चुकत नाही.

आता लिंबाचे फूल तेवढेच ठेवून सोडा पूर्ण चमचाभर घातला, तर निम्म्या सोड्याला आम्लच मिळत नाही. वाफेच्या उष्णतेने तोही फुटतो, पण आम्लासोबत जेवढा वायू देतो त्याच्या निम्माच देतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा, उरतो. साबणासारखी चव त्याचीच. शिवाय वायू प्रमाणाबाहेर झाला की लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, बेसन घट्ट होण्याआधीच फुटतात आणि तट्ट फुगलेला ढोकळा मध्येच बसतो.

ठिपके मोजकेच असतील, तर बहुधा सोड्याची गुठळी विरघळलेली नसते. संपूर्ण वडीच लालसर दिसली, तर माप चुकलेले असते. त्यावर लिंबू पिळल्यास रंग पुन्हा पिवळा होतो, पण बसलेली जाळी काही परत येत नाही. फ्रूट सॉल्ट पाणी लागताच फसफसते, तेव्हा पाणी उकळून वाफ धरल्यावरच ते घालावे, हलक्या हाताने मिसळावे आणि थाळी लगेच आत ठेवावी.

इडलीचे गणित थोडे अवघड आहे. नीट आंबलेल्या पिठाला सोडा लागतच नाही. थंडीत जे पीठ फुगत नाही त्यालाच आपण तो घालतो, आणि नेमके त्याच पिठात सोड्याला पुरेल एवढे आम्ल तयार झालेले नसते. अशा वेळी चार वाट्या पिठाला पाव चमच्यावर जाऊ नये आणि सोबत थोडे आंबट दही घालावे. नाहीतर इडल्या पिवळट पडतात आणि हळद नसल्यामुळे बिघाड रंगावरून चटकन ओळखूही येत नाही, तो जिभेलाच कळतो.