पातळ प्रिझमच्या सूत्रातून आपतन कोन गळतो कुठे?

δ = (n − 1)A. पातळ प्रिझममधून किरण किती वळतो हे सांगणाऱ्या या सूत्रात n म्हणजे काचेचा अपवर्तनांक आणि A म्हणजे प्रिझमचा कोन. किरण प्रिझमवर कोणत्या कोनाने आला, याचा सूत्रात पत्ताच नाही. जाड प्रिझम हातात घेऊन जरा फिरवले तरी भिंतीवरचा ठिपका पळताना दिसतो, मग कोन लहान केल्यावर आपतन कोन i कुठे जातो? पुस्तकांत याचे उत्तर बहुधा ‘A लहान असल्यामुळे’ एवढ्यावर आटोपते. हे उत्तर अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे समजायला sin चा नियम माहीत होण्याच्या आधीच्या काळात जावे लागते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने हवेतून पाण्यात आणि हवेतून काचेत जाणाऱ्या किरणांची कोष्टके मांडली होती. काचेसाठी त्याचे आकडे असे: आपतन 10° असताना अपवर्तन 7°, 20° ला 13.5°, 30° ला 19.5°. पुढे प्रत्येक दहा अंशांमागची वाढ अर्ध्या-अर्ध्या अंशाने घटत जाते. हे इतके नेटके आहे की मोजमापापेक्षा हिशेबाचाच हात त्यात जास्त दिसतो. तरी एक गोष्ट त्यातून कळते: कोन लहान असेपर्यंत दोन्ही कोनांचे गुणोत्तर जवळजवळ ठरलेले राहते आणि कोन वाढला की ते सुटू लागते.

1611 साली केप्लरने ‘डायोप्ट्रिस’ या पुस्तकात नेमके हेच धरले. अपवर्तनाचा खरा नियम त्याला सापडलेला नव्हता. स्नेलला तो 1621 च्या सुमारास मिळाला आणि देकार्तने 1637 मध्ये छापला. केप्लरने कामचलाऊ नियम घेतला: काचेवर साधारण 30° पर्यंतच्या आपतनाला किरण आपतन कोनाच्या एक तृतीयांशाइतका वळतो. म्हणजे आत शिरलेल्या किरणाचा स्तंभिकेशी होणारा कोन r हा i च्या दोन तृतीयांश. आजच्या भाषेत i = 1.5 r. भिंगांचे त्याचे बरेचसे गणित या एका ओळीवर उभे आहे.

हा नियम प्रिझमला लावून बघू. पहिल्या पृष्ठभागावर किरण i₁ कोनाने येतो आणि आत r₁ कोन करतो. दुसऱ्या पृष्ठभागावर आतून r₂ कोनाने पोचतो आणि बाहेर i₂ कोनाने निघतो. दोन पृष्ठभागांच्या स्तंभिकांमधला कोन A असल्यामुळे r₁ + r₂ = A हे नाते भूमितीनेच बांधलेले आहे. काच कोणती, किरण कसा आला, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. एकूण विचलन δ = i₁ + i₂ − A. आता दोन्हीकडे i = n r ठेवले की i₁ + i₂ = n(r₁ + r₂) = nA, आणि δ = (n − 1)A.

आपतन कोन गळतो तो इथे. i₁ वाढवला की पहिल्या पृष्ठभागावर किरण जास्त वळतो, पण r₁ वाढल्यामुळे r₂ तेवढाच घटतो आणि दुसऱ्या पृष्ठभागावरचे वळणे तेवढेच कमी होते. एका पृष्ठभागाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यात जमा होतो. प्रमाण सरळ असेल तर हा हिशेब पैन् पै जुळतो. गंमत अशी की केप्लरचा नियम अक्षरशः खरा असता, तर 60° च्या प्रिझममध्येही विचलन आपतनावर अवलंबून राहिले नसते. म्हणजे हा गुण पातळपणाचा नाही, सरळ प्रमाणाचा आहे. पातळपणाचे काम इतकेच, की r₁ लहान असेल तर r₂ ला मोठे होऊ न देणे.

निसर्गात i नव्हे, sin i हा sin r च्या प्रमाणात असतो. त्यामुळे जमाखर्चात थोडी शिल्लक उरते. ती किती, याचा एक सुंदर पुरावा न्यूटनच्या 1672 च्या पत्रात आहे. त्याचा प्रिझम पातळ नव्हता, कोन 63° 12′ होता. दोन्ही पृष्ठभागांवर किरण सारखेच वळतील अशा स्थितीत तो ठेवलेला होता आणि आपतन कोन साधारण 54° 4′ येत होता. वर्णपट लांबट का दिसतो हे तपासताना त्याला शंका आली, की सूर्यबिंबाच्या दोन कडांवरून येणारे किरण वेगवेगळ्या कोनांनी पडतात म्हणून असे होत असेल का? त्याने प्रिझम अक्षाभोवती मागेपुढे फिरवून आपतन चार-पाच अंशांहून जास्त बदलले, तरी भिंतीवरचे रंग जाणवण्याइतके सरकले नाहीत. सूर्यबिंबाचा फरक तर जेमतेम अर्धा अंश. शंका तिथेच मिटली.

न्यूटनला मिळालेली ही स्थिरता किमान विचलनाची होती. आपतनासमोर विचलन मांडून काढलेला वक्र, कुठल्याही वक्रासारखाच, आपल्या तळाशी सपाट असतो, त्यामुळे तळाजवळ आपतन थोडे बदलले तरी विचलन फारसे हलत नाही. जाड प्रिझममध्ये हा तळ मोठ्या आपतन कोनावर असतो आणि त्याच्या एका बाजूला वक्र झपाट्याने चढतो. 60° चा, 1.5 अपवर्तनांकाचा प्रिझम घेतला तर किमान विचलन 37.2° येते, ते आपतन 48.6° असताना. आपतन 30° केले की विचलन 47.1° होते आणि 28° च्या खाली गेलात की किरण दुसऱ्या पृष्ठभागातून बाहेरच येत नाही. पातळ प्रिझममध्ये तोच तळ जवळजवळ nA/2 एवढ्या लहानशा कोनावर, म्हणजे सरळ समोरून येणाऱ्या किरणाच्या शेजारी सरकतो, आणि पसरट होतो.

आता A = 6° आणि n = 1.5 घेऊन sin चा नियम जसाच्या तसा लावू. सूत्र सांगते 3°. किमान विचलन 3.005° येते, आपतन 4.5° असताना. किरण स्तंभिकेवरून सरळ आला तर 3.021°. 9° वर आला तरी 3.021°. म्हणजे आपतन शून्यापासून 9° पर्यंत नेले तरी विचलनातला फरक एका कलेच्या आतच राहतो. किरण स्तंभिकेच्या दुसऱ्या बाजूने, शिखराकडून 10° वर आला तर 3.174°, आणि पायाच्या बाजूने 20° वर आला तर 3.194°. इथवर सूत्राची चूक सहा-सात टक्क्यांत आहे. पण 40° वर विचलन 4.16° होते आणि 60° वर 6.84°, म्हणजे सूत्राच्या दुपटीहून जास्त.

‘A लहान’ हे उत्तर अर्धे का, ते या शेवटच्या दोन आकड्यांत दिसते. प्रिझम तोच, 6° चाच. बिघडले ते i मोठा झाल्यामुळे. A कितीही बारीक केला तरी हे सुटत नाही, कारण अतिशय लहान A साठी नेमके सूत्र असे आहे:

δ = A (√(n² − sin² i) / cos i − 1)

i = 0 ठेवले की हे (n − 1)A होते. i = 60° आणि n = 1.5 ठेवले की 1.45 A, जवळजवळ तिप्पट. i लहान असताना विचलन मूळच्या (n + 1)i²/2n एवढ्या भागाने वाढते, i अर्थातच रेडियनमध्ये. काचेसाठी हे 10° वर अडीच टक्के भरते. म्हणून अट दोन्हींची हवी: A लहान आणि i लहान.

टेबलावर हे तपासायचे तर प्रिझमपासून 2 मीटरवर पडदा ठेवा. आधी प्रिझम न ठेवता लेसरच्या ठिपक्याची जागा खुणेने पक्की करा, नाहीतर पुढची सगळी मोजणी अधांतरी राहते. 6° चा प्रिझम मध्ये आला की ठिपका सुमारे 105 मिमी सरकतो. प्रिझम शून्यापासून 9° पर्यंत फिरवताना तो फार तर अर्धा मिमी हलतो, म्हणजे ठिपक्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षाही कमी. 20° वर मात्र साडेसहा मिमीचा फरक स्पष्ट दिसतो. दोन चुका इथे हमखास होतात. एक, फिरवण्याचा अक्ष प्रिझमच्या कडेला समांतर नसतो आणि ठिपका वरखालीही भटकतो. दुसरी जास्त फसवी. काचेला जाडी असते आणि तिरक्या काचेतून किरण नुसता बाजूला सरकतोही. 5 मिमी जाडीला 20° वर हे सरकणे 0.6 मिमी होते, म्हणजे आपण शोधत होतो त्या अर्ध्या मिमीएवढेच. ते विचलनापासून वेगळे काढायचा उपाय सोपा आहे: पडदा 4 मीटरवर न्या. विचलनामुळे झालेला फरक दुप्पट होतो, जाडीमुळे झालेला तेवढाच राहतो.

केप्लरला हे सारे भिंगांसाठी हवे होते. भिंगाच्या अक्षापासून h उंचीवरचा छोटा तुकडा म्हणजे एक पातळ प्रिझमच, आणि त्याचा कोन h च्या प्रमाणात वाढतो. तिथले विचलन आपतनावर अवलंबून नसेल तर ते नेहमी h/f राहते, मग वस्तू जवळ असो की दूर. वस्तूपासून येणाऱ्या किरणाचा अक्षाशी कोन h/u आणि प्रतिमेकडे जाणाऱ्याचा h/v; दोन्हींची बेरीज h/f. h दोन्हीकडून गेला की 1/u + 1/v = 1/f उरते, अंतरे नुसती लांबी म्हणून धरली तर. h गेल्यामुळेच भिंगाच्या सगळ्या भागांतून आलेले किरण एका बिंदूत भेटतात. भिंगाच्या कडेचे किरण जरा आधीच भेटतात, कारण तिथे कोन मोठे होतात आणि वर पाहिलेली शिल्लक डोके वर काढते.

डोळ्यांच्या तपासणीत हा प्रश्न मोजमापाच्या एककापर्यंत पोचला. चाचणीचे प्रिझम पूर्वी काचेच्या कोनाच्या अंशांनी ओळखले जात, त्यामुळे काच बदलली की त्याच आकड्याचा प्रिझम वेगळे वळवी. 1890 मध्ये चार्ल्स प्रेंटिसने विचलनच मोजणारे एकक सुचवले: 1 मीटरवर 1 सेंटिमीटर सरकवणारा तो 1 प्रिझम डायॉप्टर. पण विचलन मोजायचे म्हटले की प्रिझम कसा धरला हे सांगणे आलेच. 1.523 अपवर्तनांकाच्या काचेचा 4 डायॉप्टरचा प्रिझम एक पृष्ठभाग किरणाला लंब ठेवून मोजा किंवा किमान विचलनाच्या स्थितीत, आकडा 4 आणि 3.99. त्याच काचेचा 40 डायॉप्टरचा प्रिझम, ज्याचा कोन सुमारे 32° असतो, लंब स्थितीत 40 दाखवतो आणि किमान विचलनात 32 च. म्हणून मोठ्या प्रिझमने तिरळेपणा मोजताना, तो ज्या स्थितीसाठी आखलेला आहे त्याच स्थितीत डोळ्यासमोर धरावा लागतो. 4 डायॉप्टरच्या प्रिझमला हे बंधन नाही.