आरएसआय डायव्हर्जन्स: वेग मंदावला, दिशा नाही

ठाण्यात नौपाड्यात शेअर बाजारातली मंडळी मोबाइलवर चार्ट उघडून बसली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाव वर, आरएसआय खाली, आता पडणार." यातला 'पडणार' चार्टवर कुठेच नसतो. तो माणसाने आपल्या मनाने जोडलेला असतो.

आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स, हा भावाच्या चढ-उताराचा जोर मोजणारा आकडा १९७८ साली जे. वेल्स वाइल्डर यांनी मांडला. मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर असलेले वाइल्डर तेव्हा वायदे बाजारात सौदे करत. चौदा दिवसांतली सरासरी वाढ भागिले सरासरी घट म्हणजे RS, आणि तो आकडा ० ते १०० मध्ये बसवायचा:

```
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

समजा, एखादा शेअर जोरात चढतोय. सरासरी वाढ २० रुपये, सरासरी घट ५ रुपये. RS ४, आरएसआय ८०. मधे थोडी घसरण होऊन तो पुन्हा चढतो, पण आता सरासरी वाढ १२ आणि घट ६. RS २, म्हणून आरएसआय साधारण ६७. भावाने नवा उच्चांक केला, आरएसआयने केला नाही. हाच डायव्हर्जन्स. पण १२ उणे ६ म्हणजे शेअर अजूनही सरासरीने रोज ६ रुपये वरच चाललाय! ताशी ८० ने धावणारी गाडी ६० वर आली, एवढंच झालं. ती मागे फिरलेली नाही.

वाइल्डर यांनी डायव्हर्जन्सला फार महत्त्व दिलं, हे खरं. पण दोन शिखरांच्या मधे आरएसआयने जो तळ केला, तो तुटतो का, हेही ते बघत. वरच्या उदाहरणात तो तळ ६१ असेल, तर ६७ वरून वळून आरएसआय ६१ च्या खाली गेल्यावरच इशाऱ्याला वजन येतं. नेमकी हीच पायरी आपल्याकडे गाळली जाते, आणि माझ्या मते बहुतेक तोटा तिथेच होतो.

पुढे चार्टचे अभ्यासक अँड्र्यू कार्डवेल यांनी दाखवलं की तेजीत आरएसआय साधारण ४० ते ८० मध्ये फिरतो, मंदीत २० ते ६० मध्ये. वरच्या शिखरांवरचा डायव्हर्जन्स दिसतो तोच मुळी तेजीत, आणि अनेकदा त्यातून छोटी घसरणच येते. मार्च २०२० मध्ये निफ्टी ७,५११ पर्यंत खाली गेला होता, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो १८,६०० च्या वर होता. इतक्या लांब चढणीत वेग मधूनमधून मंदावणारच. दर वेळी शॉर्ट करणाऱ्याचा, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून बसणाऱ्याचा, तोटा थांबवायला लावलेला स्टॉपलॉस पुन्हा पुन्हा उडतो. अशा वेळी आरएसआय ४० च्या आसपास सावरतोय का, हे आधी बघावं.

आणखी एक गोष्ट. वाइल्डर यांच्या पद्धतीत आजची सरासरी कालच्या सरासरीवर उभी असते: कालची गुणिले १३, अधिक आजची वाढ, भागिले १४. त्यामुळे एका ॲपने दोन वर्षांचे भाव घेतले आणि दुसऱ्याने दोनच महिन्यांचे, तर आकडे थोडे वेगळे येतात. दोन शिखरांत दोन-तीन अंकांचाच फरक असेल, तर त्याला मी डायव्हर्जन्स धरत नाही.