चेहऱ्यावर पडलेला स्क्रीनचा निळा उजेड: फोटो कसा सावरायचा

रात्रीची वेळ, खोलीत एकच मंद दिवा, पुढ्यात उघडा लॅपटॉप, आणि कोणीतरी सहज फोटो काढतं. त्या क्षणी डोळ्यांना काही खटकत नाही. फोटो उघडल्यावर मात्र अर्धा चेहरा निळा पडलेला दिसतो आणि उरलेला अर्धा पिवळट. असे फोटो आमच्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा सोबतची तक्रारही ठरलेली असते: "घरी रंग बदलून पाहिला, पण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते." हे पत्रक त्या तक्रारीपुरतंच आहे. ज्यांना हे काम स्वतः करून पाहायचं आहे त्यांना यातून करता येईल. ज्यांना आमच्याकडे द्यायचं आहे त्यांना आम्ही काय करतो आणि कुठे हात टेकतो, ते कळेल.

एक बाजू सुधारली की दुसरी का बिघडते

पिवळ्या दिव्याचा उजेड साधारण २७०० केल्विनचा असतो. स्क्रीनवरचा पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास, आणि बऱ्याच स्क्रीनवर त्याहूनही वर. हा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. आपले डोळे आणि मेंदू दोन्ही उजेडांशी जुळवून घेतात. कॅमेरा मात्र सबंध फोटोला एकच व्हाइट बॅलन्स लावतो, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते एकदाच ठरवतो, आणि मिश्र उजेडात तो बहुधा मधलाच कुठलातरी रंग धरतो. म्हणून तुम्ही सगळा फोटो उबदार केला की दिव्याकडचा गाल नारिंगी होतो, आणि थंड केला की स्क्रीनकडचा गाल आणखी निळा. दोष एका उजेडाचा नाही, दोघांचा आहे. त्यामुळे दुरुस्तीही दोन ठिकाणी वेगवेगळी करावी लागते.

दुसरी गोष्ट जरा आडवाटेची आहे, पण सगळं काम तिच्यावर अवलंबून आहे. त्वचा लाल उजेड जास्त परतवते आणि निळा कमी. स्क्रीनच्या उजेडात दिव्याच्या मानाने लाल कमी असतो. म्हणजे त्या गालावर निळा जास्त झालेला असतोच, शिवाय लाल कमी नोंदलेला असतो. अनेकजण फोनमधल्या अ‍ॅपमध्ये निळ्या रंगाची तीव्रता शून्यावर आणतात. निळा जातो खरा, पण खाली लाल नसतोच, आणि गाल राखेसारखा दिसू लागतो. निळेपणा बरा, पण ते राखाडीपण नको, असं आमचं मत आहे. निळ्या गालामागे निदान स्क्रीनचं कारण दिसतं. राखाडी माणूस आजारी वाटतो.

एका फोटोचं उदाहरण

समजा, एक मुलगी टेबलाशी वाचत बसली आहे. तिच्या उजव्या हाताला दिवा, डाव्या बाजूला जरा खाली लॅपटॉप. आधी सबंध फोटोचा व्हाइट बॅलन्स असा लावा की दिव्याकडचा गाल डोळ्यांना बरोबर वाटेल. या पायरीवर स्क्रीनकडचा गाल पूर्वीपेक्षा जास्त निळा दिसू शकतो. घाबरू नका, तो सध्या तसाच राहू द्या.

आता फोटोशॉपमधल्या ड्रॉपरने दोन्ही गालांवरचे लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे घ्या; प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये असतो. एकाच पिक्सेलचा आकडा फसवा असतो, म्हणून ड्रॉपरचं माप 5 by 5 Average ठेवा. समजा, दिव्याकडच्या गालावर लाल १८२, हिरवा १३८, निळा ११२ आले, आणि स्क्रीनकडच्या गालावर लाल ८४, हिरवा ९८, निळा १३१. त्वचा गोरी असो वा सावळी, साध्या उजेडात तिचा क्रम एकच असतो: लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा. दुसऱ्या गालावर हा क्रम नेमका उलटा झालेला आहे. तो सुलट करणं, एवढंच आपलं काम.

पण गाल उजळ किंवा काळा करायचा नाही. स्क्रीनकडची बाजू अंधारी आहे, ती अंधारीच राहायला हवी. उजळता काढण्याचा सोपा हिशेब म्हणजे लालचे ०.३, हिरव्याचे ०.५९ आणि निळ्याचे ०.११ भाग घेऊन बेरीज करणं. चांगल्या गालाची उजळता आली १४८, निळ्या गालाची सुमारे ९७. म्हणजे निळा गाल चांगल्याच्या ०.६६ पट उजळ आहे. चांगल्या गालाचे तिन्ही आकडे त्या पटीत कमी केले की लाल १२०, हिरवा ९१, निळा ७४ मिळतात. त्या गालावर स्क्रीनऐवजी मंद दिव्याचा उजेड असता, तर आकडे साधारण असे आले असते.

फोटोशॉपमध्ये Layer → New Adjustment Layer → Curves घ्या. Red मध्ये Input ८४, Output १२०. Green मध्ये ९८ चे ९१. Blue मध्ये १३१ चे ७४. सगळा फोटो नारिंगी होईल, होऊ द्या. मग लेयरचा मास्क निवडून Ctrl+I दाबा. मास्क काळा होईल आणि बदल लपेल. आता मऊ कडांचा पांढरा ब्रश, Flow १० टक्के, आणि जिथे स्क्रीनचा उजेड पडला आहे तिथेच हळूहळू फिरवा. गिम्प वापरत असाल तर आधी लेयरची प्रत काढा, प्रतीवर Colors → Curves करा आणि तिला काळा लेयर मास्क जोडा. पुढचं काम तेच.

शेवटी लेयरची Opacity ७० टक्क्यांवर आणा. आपल्या गालाचे आकडे आता लाल १०९, हिरवा ९३, निळा ९१ च्या जवळ येतील. क्रम सुलट झाला, उजळता जिथल्या तिथे राहिली, आणि निळ्याची किंचित झाक उरली. ती झाक आम्ही मुद्दाम ठेवतो. चौकटीत लॅपटॉप दिसत असेल आणि शेजारच्या चेहऱ्यावर त्याचा काहीच उजेड नसेल, तर बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

मास्क चेहऱ्याचा नको, उजेडाचा हवा

घरी केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा इथे फसते. चेहऱ्याची बाह्यरेषा पकडून सगळा चेहरा निवडला जातो. पण स्क्रीन खालून उजेड टाकते, त्यामुळे निळा असतो तो हनुवटीखाली, खालच्या ओठावर, नाकपुड्यांजवळ, भुवईखालच्या पापणीवर. नाकाचा शेंडा ओलांडला की उजेड झपकन कमी होतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. फोन हातात असेल तर तोंडाजवळचा निळा आणि कपाळावरचा निळा यांत मोठा फरक पडतो तो याच कारणाने. म्हणून ब्रश हनुवटीकडे जास्त वेळा फिरवा, वर जाताना कमी. दोन्ही उजेड जिथे मिसळतात, नाकाच्या मधल्या रेषेवर किंवा ओठांच्या मध्यावर, तिथे निम्माच मास्क लागतो.

डोळ्यातलं पांढरं आणि दात यांवर पूर्ण ताकदीने ब्रश नेऊ नका. ते पिवळे पडतात आणि लगेच नजरेत भरतात. बाहुलीत चमकणारा स्क्रीनचा छोटा चौकोन तसाच ठेवा. चश्म्याच्या काचेवर मात्र स्क्रीनचं प्रतिबिंब असेल, तर तो रंगाचा प्रश्नच नाही. त्याच्यामागचा डोळा झाकला गेलेला असतो आणि कुठल्याही कर्व्हने तो बाहेर येत नाही.

हात विसरू नका. कीबोर्डवरचा हात बहुतेक वेळा गालापेक्षाही निळा असतो. चेहरा सुधारला आणि हात तसाच राहिला, तर हात दुसऱ्याच कोणाचा वाटतो.

दाणे आणि ठोकळे

स्क्रीनकडच्या अंधाऱ्या गालावर लाल कमी नोंदलेला असतो, आणि आपण नेमका तोच ओढून वर आणतो. त्यासोबत त्यातले रंगीत दाणेही वर येतात. गालावर लाल-हिरवे ठिपके दिसू लागतात. म्हणून रंगांचा गोंगाट, म्हणजे हे दाणे, कर्व्ह लावण्यापूर्वी कमी करा, नंतर नव्हे. फक्त रंगाचा गोंगाट कमी करा, उजळतेचा नाही. नाहीतर त्वचा मेणाची होते.

जेपेग फाइलमध्ये आणखी एक अडचण येते. जेपेग बहुतेक वेळा रंगाची माहिती उजळतेपेक्षा कमी बारकाईने साठवतो, आणि अंधाऱ्या भागात ती आणखी चेपली जाते. दुरुस्तीनंतर गालावर चौकोनी ठोकळे दिसले तर Opacity कमी करण्याखेरीज फारसा इलाज नाही. फोनने किंवा कॅमेऱ्याने रॉ फाइल दिली असेल तर कामाचा नूर पालटतो, कारण तीत लाल रंगाला ओढायला बरीच जागा शिल्लक असते.

तपासताना

काम करताना स्वतःच्या स्क्रीनवरचं Night Light, Night Shift किंवा True Tone बंद आहे ना, ते पाहा. यांतलं काही आपोआप सुरू झालेलं असू शकतं. पिवळ्या झालेल्या स्क्रीनवर निळा गाल ठीकठाक दिसतो आणि सकाळी पुन्हा निळाच निघतो. आमच्याकडेही हे एकदा घडलं आहे, आणि प्रिंट काढून झाल्यावर लक्षात आलं.

मग फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा. मास्कच्या कडेला हिरवट पट्टा दिसला तर त्या गालावर हिरवा जास्त राहिला आहे. Green चा Output दोन-तीन आकड्यांनी खाली आणा. गाल विटकरी झाला तर लाल जास्त ओढला गेला आहे. दोन्ही नसेल, पण चेहरा मधोमध चिरल्यासारखा वाटत असेल, तर मास्कची कड कठीण आहे.

जे होत नाही

स्क्रीनकडच्या गालावर लाल आकडा १५ च्या खाली असेल, किंवा निळा २५५ ला टेकलेला असेल, तर त्या रंगात त्वचेचा पोत जवळजवळ नोंदलाच गेलेला नाही. तशा जागी आम्ही चांगल्या गालाचा रंग वेगळ्या लेयरवर घेऊन, त्या लेयरचा मोड Color करून, वरून हलका लावतो. रंग येतो, पोत येत नाही. अगदी लहान प्रिंटवर चालून जातं. मोठी प्रिंट हवी असेल तर असा फोटो आम्ही कृष्णधवल करून देण्याचं सुचवतो. त्यात रंगांचं भांडण मिटतं आणि खालून आलेला उजेड उलट उठावदार दिसतो. निळा २५५ ला टेकलेला नसेल, तर रूपांतर करताना निळ्या चॅनलचा वाटा थोडा वाढवला की स्क्रीनकडची बाजू स्वच्छ येते.

आमच्याकडे फोटो देताना

फोनमधली मूळ फाइल द्या. स्क्रीनशॉट नको, आणि फिल्टर लावलेली प्रत नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. एकापाठोपाठ काढलेले तीन-चार फोटो असतील तर सगळेच पाठवा. एखाद्यात त्या क्षणी स्क्रीनवर गडद पान असतं आणि गाल निम्म्यानेच निळा असतो. त्याच व्यक्तीचा दिवसाउजेडी काढलेला एखादा साधा फोटो सोबत असेल तर त्वचेचा खरा रंग आम्हाला अंदाजाने धरावा लागत नाही. आणि निळ्याची झाक किती ठेवायची, ते दोन शब्दांत लिहून द्या. काहीच लिहिलं नसेल तर आम्ही थोडी ठेवतो.