उंदीर स्कूटरची वायर का कुरतडतो?

मे महिना संपताना मुंबईला परतलेला चाकरमानी गणपतीला गावी येतो, पडवीत झाकून ठेवलेल्या स्कूटरची चावी फिरवतो आणि गाडी सुरू होत नाही. सीट उचलली की आत काथ्या, सीटच्या फोमचे तुकडे आणि लेंड्या दिसतात. गॅरेजमध्ये बहुधा एकच कारण ऐकायला मिळते: उंदराचे दात सतत वाढतात, म्हणून ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही.

उंदराचे खालचे पटाशीचे दात दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर वाढतात. या दातांना फक्त पुढच्या बाजूने कठीण इनॅमल असते आणि मागे त्याहून मऊ डेंटिन असते. जबडा पुढे सरकवून उंदीर खालचे दात वरच्या दातांवर घासतो, तेव्हा डेंटिन लवकर झिजते, इनॅमलची कड पुढे उरते आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप तयार होते. म्हणजे दात झिजतात ते मुख्यतः दातांवरच, आणि त्यासाठी त्याला तुमच्या वायरची गरज नसते. आणखी एक सोय अशी की पटाशी आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे ओठांच्या कडा आत वळवून तो तोंड मागून बंद करू शकतो, त्यामुळे कुरतडलेले प्लास्टिक त्याला गिळावे लागत नाही. म्हणूनच जे अन्न नाही, तेही तो बिनदिक्कत कुरतडतो: वाट रुंद करण्यासाठी, घरट्याला चोथा मिळवण्यासाठी आणि मार्गात आलेली वस्तू चाचपून पाहण्यासाठी. दात झिजवण्याच्या त्या समजुतीमुळे काही जण गाडीजवळ लाकडाचा तुकडा ठेवतात आणि वायर वाचेल असे मानतात. ती वाचत नाही.

कोकणात या गाड्यांत बहुधा काळा उंदीर शिरतो, जो माडावर आणि कौलांखालीही राहतो. घूस बिळे करते, हा मात्र चढतो. भिंतीला मिशा लावत, आडोशाने जाणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. पडवीच्या भिंतीला टेकलेली, शेजारी नारळाच्या सोडणांचा ढीग असलेली आणि जमिनीपर्यंत प्लास्टिकने झाकलेली स्कूटर त्याला अंधारी, कोरडी खोली देते. वायरिंगचा जुडगा फ्रेमवरून जातो आणि तोच त्याचा रस्ता होतो. त्याची गर्भावस्था 21 ते 23 दिवसांची असते. जी गाडी जूनपासून गणपतीपर्यंत हलत नाही, तिच्यात एक वीण सहज वाढून जाते.

अशा गाडीची चावी लगेच फिरवू नये. आधी पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे, कारण रबरी नळीही कुरतडली जाते. मग एअर फिल्टरचा डबा उघडावा. त्यात काथ्या कोंबलेला असेल, तर इंजिन सुरू होऊन ॲक्सिलरेटर देताच बंद पडते. गाडी चालू झाली, पण ब्रेक दाबताच फ्यूज उडत असेल, तर ब्रेकलाइटची सोललेली वायर फ्रेमला टेकत असावी. दातांच्या जोडखुणा आणि खाली पडलेला आवरणाचा चुरा दिसला, तर ते उंदराचे काम. जुनेपणाने आवरण कडक होऊन तडकते, त्याला अशा खुणा नसतात. नुसता फ्यूज बदलत राहणे किंवा त्याजागी चांदी गुंडाळणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

उपाय जागेपासून सुरू करावा. गाडी भिंतीपासून आणि सोडणांपासून दूर, उजेडात उभी करावी, कव्हर जमिनीपर्यंत सोडू नये आणि घरी कोणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी ती हलवून सीट उघडायला सांगावे. मोठा उंदीर सुमारे 12 मिलिमीटरच्या फटीतून जातो आणि छोटी उंदरी 6 मिलिमीटरच्याही, म्हणून सीटखालची आणि पुढच्या पत्र्यामागची भोके त्याहून बारीक छिद्रांच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीने बंद करून घ्यावीत. साधी जाळी खाऱ्या हवेत गंजते, तर प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतो. तारेचा काथ्या बॅटरीजवळ भरू नये. तो वीजवाहक असल्याने शॉर्टसर्किट होऊ शकते. फिल्टरला हवा घेणारे तोंड मात्र मेकॅनिकला दाखवल्याशिवाय झाकू नये.

हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीने उंदीर अडत नाही, आणि 'ध्वनिलहरींनी उंदीर पळवा' म्हणणारी यंत्रेही फारशी वरचढ नाहीत: अतिस्वनी आवाज सीटच्या आड पोहोचत नाही आणि उंदराला त्याची सवय होते. विष घातले तर उंदीर फिल्टरच्या डब्यातच मरण्याची शक्यता असते.

घरटे काढताना ते झाडू नये, आधी ओले करावे. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो उंदराच्या मूत्रातून पसरतो. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी यांचे मिश्रण घरट्यावर टाकून दहा मिनिटे थांबावे, मग घरटे पिशवीत भरावे आणि जागा पुसून काढावी. वायरींवर हे मिश्रण ओतू नये. बॅटरीचे टोक काढून त्या ओलसर फडक्याने पुसाव्यात, आणि वास गेला की मगच जाळी बसवावी, कारण वास उरला तर दुसरा उंदीर त्याच मागावर येतो.