ब्रोमोनियमचा त्रिकोण आणि इपॉक्साइडचा त्रिकोण: पाणी कुठल्या कार्बनवर बसतं?

लातूरला शिकवणी संपल्यावर अहमदपूरकडची एक विद्यार्थिनी वही घेऊन थांबली. वहीत तिनं 2-मिथाइलप्रोपीन, म्हणजे (CH3)2C=CH2, घेतलं होतं. त्यावर ब्रोमिन, मग पाणी. ब्रोमिन एकाच वेळी दोन्ही कार्बनांना धरून बसतो तो ब्रोमोनियमचा त्रिकोण नीट काढला होता, ब्रोमिनवर धन प्रभारही दिला होता. पाण्याचा बाण मात्र CH2 वर नेला होता.

"सर, एका कार्बनवर दोन-दोन मिथाइल बसलेत. दुसरा सगळा मोकळा आहे. पाणी गर्दीत कशाला घुसायलंय ओ?"

प्रश्न अगदी रास्त होता. आदल्याच आठवड्यात मी त्यांना इपॉक्साइड, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचा त्रिकोण, शिकवलं होतं आणि तिथं मेथॉक्साइड मोकळ्या CH2 वरच जातं असं फळ्यावर तीनदा लिहिलं होतं. तीन कोनांचं वलय इथंही आणि तिथंही, मागच्या बाजूनं हल्ला इथंही आणि तिथंही. मग एकाचा नियम दुसऱ्याला का लागू नये? तिच्या वहीतला घोळ इथंच होता, आणि दरवर्षी निम्म्या वह्यांत तो असतोच.

आधी ब्रोमोनियम बघू. कागदावर आपण ब्रोमिनपासून दोन्ही कार्बनकडे सारख्या लांबीच्या रेघा ओढतो. एथिलीनसाठी ते बरोबर आहे, कारण दोन्ही बाजू सारख्या. इथं तसं नाही. ब्रोमिनकडे धन प्रभार आहे आणि तो त्याला सोसत नाही. दोन कार्बनांपैकी जो हा भार वाटून घेईल त्याच्याकडे तो ढकलला जातो. दोन मिथाइल असलेला कार्बन तो वाटून घेऊ शकतो, कारण मिथाइल त्याच्याकडे इलेक्ट्रॉन सरकवतात. CH2 ला असा आधार नाही. त्यामुळे गर्दीच्या कार्बनशी असलेला ब्रोमिनचा बंध आधीच लांबलेला आणि ढिला असतो, CH2 शी असलेला घट्ट. ब्रोमिनला जू समजा आणि दोन कार्बनांना बैल. एका बैलाची जुपणी आवळलेली आहे, दुसऱ्याची निम्मी सुटलेली. पाणी येतं तेव्हा सुटायला तयार असलेलीच जुपणी सुटते.

म्हणून पाणी गर्दीच्या कार्बनवर बसतं. मग त्याचा एक प्रोटॉन जातो आणि हाती येतं 1-ब्रोमो-2-मिथाइलप्रोपॅन-2-ऑल, म्हणजे OH तृतीयक कार्बनवर आणि ब्रोमिन CH2 वर. गर्दीचा अडथळा नसतोच असं नाही. पण बंध लांबल्यामुळे तिथं यायला जागा झालेली असते आणि कार्बनवरचा धन प्रभार पाण्याला ओढत असतो. या ओढीपुढे अडथळा कमी पडतो.

आता इपॉक्साइड. आत्ता मिळालेला पदार्थ, म्हणजे शेजारशेजारच्या कार्बनांवर ब्रोमिन आणि OH असलेला ब्रोमोहायड्रिन, घेऊन त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, की OH चा प्रोटॉन जातो, उरलेला ऋण ऑक्सिजन शेजारच्या CH2 वर मागून जाऊन आदळतो, ब्रोमाइड निघून जातं आणि 2,2-डायमिथाइलऑक्सिरेन मिळतं. परत तीन कोनांचं वलय, फक्त ब्रोमिनच्या जागी ऑक्सिजन. पण या ऑक्सिजनवर धन प्रभार नाही. त्याचे दोन्ही बंध घट्ट आहेत आणि त्याला कार्बनकडे ढकलायला काही नाही. मेथनॉलमध्ये सोडियम मेथॉक्साइड घेतलं, तर वलय आपणहून उघडायच्या तयारीत नसतं. मेथॉक्साइडलाच जोर लावून ते फोडावं लागतं. जोर लावायचा तर आधी कार्बनच्या पाठीशी पोचलं पाहिजे, आणि तिथं दोन मिथाइल आडवे आले की वाट बंद. म्हणून ते CH2 वर जातं आणि मिळतं 1-मेथॉक्सी-2-मिथाइलप्रोपॅन-2-ऑल.

मुलांचा पाय घसरतो तो याच ठिकाणी. दोन्ही उत्तरांत OH तृतीयक कार्बनवरच आहे! एखाद्यानं दोन्ही वेळा चुकीचं कारण लिहिलं, तरी एका उत्तराला पूर्ण गुण मिळून जातात आणि चूक वहीत तशीच मुरते. पण पहिल्या वेळी तो OH बाहेरून आलेल्या पाण्याचा आहे. दुसऱ्या वेळी तो वलयातलाच जुना ऑक्सिजन आहे, जागचा हललेला नाही. बाहेरून आलेला पाहुणा CH2 वर बसलाय.

"पण सर, पाहुणा आणि घरचा दोघंही ऑक्सिजनच असले तर कळणार कसं?"

ही विचारायचीच गोष्ट होती. समजा त्याच 2,2-डायमिथाइलऑक्सिरेनचं वलय मेथॉक्साइडऐवजी पाण्यानं उघडलं. तर 2-मिथाइलप्रोपेन-1,2-डायऑल मिळेल आणि आम्ल वापरलं काय, अल्कली वापरली काय, पदार्थ हाच. नुसतं बघून काही कळणार नाही. म्हणून पाणी ऑक्सिजन-18 चं घ्यायचं. वलयातला ऑक्सिजन साधा 16 वस्तुमानाचा, बाहेरून येणारा 18 चा. मग डायऑल मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायचं. तिथं दोन कार्बनांमधला बंध तुटून तृतीयक बाजूचा (CH3)2C–OH हा तुकडा धन आयन म्हणून सुटतो. त्याचं वस्तुमान साध्या ऑक्सिजनसह 59 भरतं, ऑक्सिजन-18 सह 61. अल्कलीत हायड्रॉक्साइड CH2 वर जातं, म्हणजे तृतीयक कार्बनवर जुनाच ऑक्सिजन राहतो आणि ठळक रेघ 59 वर दिसते. आम्लात ती सरकून 61 वर जाते.

आम्लात का सरकते? कारण आम्लात इपॉक्साइडच्या ऑक्सिजनला आधी प्रोटॉन चिकटतो आणि त्याच्यावर धन प्रभार येतो. आता हाही त्रिकोण ब्रोमोनियमसारखाच झाला: भार सोसेना, तृतीयक कार्बनशी असलेली जुपणी ढिली, पाणी गर्दीच्या बाजूला. म्हणजे वाटणी ब्रोमिन आणि ऑक्सिजन अशी नाहीच मुळी. वलयावर धन प्रभार आहे की नाही, यावर सगळं ठरतं. पाठ्यपुस्तकं हल्ल्याच्या जागेसाठी ब्रोमोनियमला एक नियम आणि इपॉक्साइडला दोन, असे तीन नियम वेगवेगळ्या पानांवर छापतात. माझ्या मते तिथंच पोरांचं नुकसान होतं.

गर्दीच्या कार्बनवर हल्ला म्हटलं की काही हुशार मुलं दुसऱ्या टोकाला जातात. त्यांना वाटतं हे एसएन-1 झालं, कार्बन पूर्ण मोकळा झाला, मग पाणी कुठल्याही बाजूनं येईल. तसं होत नाही. 1-मिथाइलसायक्लोहेक्झीन घेऊन बघा. OH मिथाइलच्या कार्बनवर बसतो, ब्रोमिन शेजारच्या कार्बनवर, पण दोघं वलयाच्या विरुद्ध बाजूंना, म्हणजे ट्रान्स. जुपणी ढिली झाली तरी सुटलेली नसते, ब्रोमिन आपली बाजू अडवून बसलेला असतो आणि पाण्याला उलट्या बाजूनंच यावं लागतं. जागा एसएन-1 सारखी, दिशा एसएन-2 सारखी. मात्र स्टायरीनसारख्या ठिकाणी, जिथं बेंझिनचं वलय धन भार फार चांगला सांभाळतं, तिथं पूल जवळजवळ उघडाच पडतो आणि दिशेचा हा कडकपणा सैल होतो. जागा मात्र पक्की, पाणी बेंझिनशेजारच्या कार्बनवरच.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगून टाकतो. ब्रोमिन वॉटरचा रंग जातो, म्हणून पदार्थ असंतृप्त, ही परीक्षा सगळ्यांनी केलेली असते आणि जर्नलमध्ये सगळे डायब्रोमाइड लिहितात. पण एक लिटर पाण्यात पाण्याचेच 55 मोल असतात. ब्रोमोनियम तयार झाला की त्याच्या चहूबाजूंनी पाणीच असतं, ब्रोमाइड तुरळक. त्यामुळे मुख्य पदार्थ ब्रोमोहायड्रिन असतो. डायब्रोमाइड वाढतं ते नंतर, कारण प्रत्येक ब्रोमोहायड्रिनमागे एक HBr सुटतो आणि ब्रोमाइड साठत जातं. म्हणून शुद्ध ब्रोमोहायड्रिन हवं असेल तर ब्रोमिनऐवजी एनबीएस, म्हणजे एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, घेतात, पाणी मिसळलेल्या डीएमएसओमध्ये. तो ब्रोमिन थोडा थोडा पुरवतो आणि ब्रोमाइड साठू देत नाही.

कारखान्यात तर पाणी कुठं बसलं याचं फारसं कौतुकच नाही. प्रोपीनवर क्लोरीन आणि पाणी वापरलं की साधारण 10 पैकी 9 भाग 1-क्लोरो-2-प्रोपेनॉल मिळतं, म्हणजे OH मधल्या कार्बनवर, आणि उरलेला एक भाग उलटा. वेगळं करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. दोन्हीत कालवलेला चुना घातला की दोन्हींचं वलय मिटून एकच प्रोपिलीन ऑक्साइड होतं.

जायच्या आधी मी तिला एक गणित दिलं: प्रोपीनच्या मिथाइलवर एक क्लोरीन लावलेलं ॲलिल क्लोराइड, ClCH2–CH=CH2, क्लोरीनच्या पाण्यात. तिनं भराभर OH मधल्या कार्बनवर काढला आणि वही पुढं केली. मी फक्त त्या कडेच्या क्लोरीनवर पेन्सिल ठेवली. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"हा इलेक्ट्रॉन ओढायलाय. मग मधल्या कार्बनला धन भार कसा झेपेल?"

झेपत नाहीच. मिथाइल इलेक्ट्रॉन देत होता, CH2Cl तो ओढून घेतो. मधल्या कार्बनची जुपणी आता ढिली होत नाही आणि मोकळी बाजू जिंकते. सुमारे 70 टक्के 2,3-डायक्लोरो-1-प्रोपेनॉल मिळतं, OH टोकाला, आणि 30 टक्क्यांच्या आसपास तिनं काढलेलं उत्तर. तिनं आपला OH खोडला, टोकाला नवा काढला आणि दोन्हींखाली चुना लिहून विचारलं, "म्हंजे इथंबी दोन्हींचं एकच होणार का?" होतं. त्याला एपिक्लोरोहायड्रिन म्हणतात.